फुल अँड फायनलचा कागद: ९४,४७८ मधून ७९,५०० कसे गेले?

आजचा विषय आहे नोकरी सोडल्यावर येणारी ती एक पानाची पीडीएफ. एचआरवाले तिला ‘एफ अँड एफ’ म्हणतात, म्हणजे फुल अँड फायनल सेटलमेंट. डाव्या बाजूला तुम्हाला द्यायचे पैसे, उजव्या बाजूला तुमच्याकडून कापायचे पैसे, आणि खाली एक आकडा. आपण बहुतेक जण तो खालचा आकडाच बघतो. आज तो सोडून वरच्या ओळी वाचू.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, वकील नाही, हे आधी सांगतो. पण हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा कागद शेवटी हिशेबच आहे. माझा मावसभाऊ चंद्रपूर जिल्ह्यात एका खासगी कंपनीत सुपरवायझर होता. कंपनीचं नाव घेत नाही. त्याने राजीनामा दिला आणि काही दिवसांनी मला पीडीएफ पाठवली, सोबत एक ओळ: “दादा, हे पाहून दे ना, मले तर काहीच समजून नाही राह्यलं.” त्याच्या परवानगीने तोच कागद आज उघडतो. आकडे थोडे गोल केलेत, बाकी गोष्ट तीच.

आधी माहिती. तो १० जुलै २०१९ ला लागला. शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२६. महिन्याचा एकूण पगार ३६,००० रुपये, त्यातला बेसिक १४,४०० आणि उरलेलं घरभाडं, येण्याजाण्याचा भत्ता, असे वेगवेगळे भत्ते. बेसिक आणि एकूण पगार, हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण या दोघांमधलंच आहे.

कागदावर देणं असं होतं: जानेवारीचा पगार पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून ३४,०७२, शिल्लक रजेचे १०,५६०, ग्रॅच्युइटी ४९,८४६. बेरीज ९४,४७८. कपात अशी: नोटीस कमी भरली म्हणून १८,०००, ट्रेनिंगचा खर्च ६०,०००, आयकार्ड आणि सेफ्टी किट १,५००. बेरीज ७९,५००. खाली निव्वळ देय १४,९७८ रुपये. साडेसहा वर्षांच्या नोकरीचा शेवट पंधरा हजारांवर.

नोटीसपासून सुरू करू, कारण तिथे बहुतेक मुलं मान खाली घालून ‘हो, माझीच नोटीस कमी पडली’ म्हणतात. त्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ६० दिवसांची नोटीस होती. राजीनाम्याचा मेल १७ डिसेंबरचा. डिसेंबरचे १४ दिवस, जानेवारीचे ३१, झाले ४५. म्हणजे १५ दिवस खरंच कमी पडले, कंपनीचं बरोबर आहे. पण १५ दिवसांचे १८,००० कसे आले? ३६,००० भागिले ३०, गुणिले १५. म्हणजे कपात एकूण पगारावर केली. मी त्याला म्हटलं, लेटर काढ. लेटरमध्ये वाक्य होतं की नोटीसऐवजी दोन्ही बाजू ‘बेसिक पगार’ देतील. मग हिशेब होतो १४,४०० भागिले ३०, गुणिले १५, म्हणजे ७,२०० रुपये. एका शब्दाने १०,८०० रुपयांचा फरक पडला.

इथे नीट ऐका. एकूण पगारावर नोटीस कापणं हे सरसकट चूक आहे असं मी म्हणत नाहीये. तुमच्या लेटरमध्ये ‘ग्रॉस’ लिहिलं असेल तर तोच तुमचा करार आहे. म्हणून एचआरशी फोनवर वाद घालू नका, ते वाक्य शोधा. आणि हेही बघा की उरलेली रजा नोटीसमध्ये धरता येते का. काही कंपन्यांच्या पॉलिसीत येते, काहींच्या नाही. याच्या कंपनीत येत नव्हती.

आता रजा. २२ दिवसांची कमावलेली रजा शिल्लक होती. कंपनीने दिले १४,४०० भागिले ३०, गुणिले २२, म्हणजे १०,५६० रुपये. दिसली का गंमत? रजा देताना बेसिक, नोटीस कापताना ग्रॉस. देताना छोटा आकडा, घेताना मोठा. माझ्या मते हा कागद वाचताना पहिली खूण हीच शोधायची: दिवसाचा दर दोन्ही बाजूंना एकच आहे का? नसेल, तर कुठल्या नियमाने नाही?

रजेच्या बाबतीत मी त्याला फार ताणायला सांगितलं नाही. कामगार असाल तर शिल्लक रजेचे पैसे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पण कायद्यात ‘कामगार’ म्हणजे कोण याची व्याख्या आहे, आणि ठरावीक पगाराच्या वरचा सुपरवायझर तिच्यात बसत नाही. तिथे कंपनीची रजेची पॉलिसी चालते. त्याच्या पॉलिसीत ‘बेसिकवर’ असं स्पष्ट होतं. म्हणून १०,५६० मान्य. फक्त रजेची शिल्लक पोर्टलवर २२ च होती ना, एवढं बघितलं. पोर्टलचा लॉगिन शेवटच्या दिवशी बंद होतो, त्यामुळे रजेच्या पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवावा.

आता ग्रॅच्युइटी, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

ग्रॅच्युइटी म्हणजे कंपनीची कृपा नाही. १९७२ पासून त्याचा स्वतंत्र कायदा होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यावर तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. मूळ हिशेब तोच राहिला: शेवटच्या महिन्याचं वेतन, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २६ का? कारण महिन्यातले चार रविवार सोडून कामाचे दिवस २६ धरतात. त्यामुळे एका दिवसाचा दर थोडा जास्त येतो. तुमच्या कागदावर ३० ने भागलेलं दिसलं, तर तिथेच बोट ठेवा.

भावाच्या कागदावर २६ बरोबर होतं. पण वर्षं ६ धरलेली. १० जुलै २०१९ ते ३१ जानेवारी २०२६ म्हणजे ६ वर्षं, ६ महिने आणि वर २१ दिवस. कायदा म्हणतो, शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे ७. मग ६ कुठून आले? मी सॉफ्टवेअरवाला असल्याने मला लगेच वास आला. एक्सेलमध्ये कुणीतरी हे लिहिलेलं असणार:

```
=DATEDIF(B2,C2,"Y")
=ROUND(14400*15/26*6,0)
```

पहिली ओळ फक्त पूर्ण वर्षं मोजते, वरचे महिने टाकून देते. उत्तर ६. दुसरी ओळ ४९,८४६ देते, आणि कागदावर नेमका तोच आकडा होता. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. पण अशी एक शीट एचआरकडे असली की सहा महिन्यांच्या थोडं पुढे गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक वर्ष गायब होतं आणि कुणाला कळतही नाही.

दुसरा प्रश्न, ‘शेवटचं वेतन’ म्हणजे किती? पूर्वी बेसिक आणि महागाई भत्ता एवढंच धरत. म्हणून कंपन्या बेसिक बारीक ठेवायच्या आणि भत्ते फुगवायच्या. नव्या व्याख्येत याला लगाम आहे. घरभाडं, येण्याजाण्याचा खर्च वगैरे ठरावीक गोष्टी वेतनातून वगळता येतात, पण वगळलेल्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. भावाचा पगार ३६,०००, त्यामुळे कसाही हिशेब केला तरी वेतन १८,००० च्या खाली जात नाही. कंपनीने १४,४०० च धरलं होतं.

मग ग्रॅच्युइटी किती? १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७. उत्तर ७२,६९२ रुपये. कागदावर ४९,८४६. जवळपास २३ हजारांचा फरक, आणि तोही दोन साध्या आकड्यांमुळे.

इथे एक फाटा फोडतो, कारण कमेंटमध्ये हे नेहमी विचारता. पाच वर्षं झाली नाहीत तर? कायम नोकरीत पाच वर्षांची अट अजूनही आहे. ‘आता एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळते’ असे जे रील फिरतात ते अर्धवट आहेत. एक वर्षाची गोष्ट ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवाल्यांसाठी आहे. सुरजागड, कोनसरीकडे काम शोधणाऱ्या आपल्या गडचिरोलीच्या पोरांनी म्हणून आपल्या लेटरमध्ये ‘फिक्स्ड टर्म’ हे शब्द आहेत का, ते बघावं. ठेकेदाराचा गेटपास म्हणजे फिक्स्ड टर्म नव्हे.

आणि ‘वर्ष’ म्हणजे काय, हेही आपल्या भागात महत्त्वाचं आहे. मधे आजारपण, अपघात, मंजूर रजा आली म्हणून सेवा तुटत नाही. इतर काही कारणाने खंड पडलाच, तर वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष सलग धरतात. पण जमिनीखालच्या खाणीत काम असेल तर १९० दिवस पुरतात. आणि जिथे आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस काम चालतं, तिथेही १९०. म्हणजे बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत उतरणारा माणूस आणि पुण्यात पाच दिवसांच्या आठवड्यावर बसलेला मी, आम्हा दोघांना कायदा एकाच ओळीत बसवतो. मला हे वाचून फार मजा वाटली होती. चार वर्षं आणि २४० दिवसांवर सोडलं तर पाच धरतात का? मद्रास हायकोर्टाने तसा अर्थ मान्य केला आहे, पण प्रत्येक कंपनी तो आपणहून मानत नाही. शक्य असेल तर पाच पूर्ण करून निघा, भांडणच नको.

आता उजव्या बाजूचा राक्षस. ट्रेनिंगचे ६०,०००.

भावाला २०२३ मध्ये कंपनीने एका मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि बाँड सही करून घेतला होता. बाँड बेकायदेशीर असतात, कचऱ्यात टाका, असं ऐकलं असेल. तसं नाहीये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी करण्याची आणि आधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून ‘बाँडच चुकीचा’ हा मुद्दा आम्ही घेतलाच नाही. आम्ही बाँड वाचला. त्यात लिहिलं होतं: ट्रेनिंग संपल्यापासून २४ महिने. ट्रेनिंग संपलं मार्च २०२३ मध्ये. २४ महिने संपले मार्च २०२५ मध्ये. त्याने नोकरी सोडली त्यानंतर दहा महिन्यांनी. बाँड मेलेला होता, पण कपातीच्या यादीतून त्याला कुणी काढलंच नव्हतं.

समजा बाँड जिवंत असता तर? मग खरा प्रश्न येतो. पगार आणि रजा मिळून त्याचे होत होते ४४,६३२. कपात ७९,५००. म्हणजे उरलेले ३४,८६८ रुपये सरळ ग्रॅच्युइटीतून कापले गेले होते. कागदावर हे दिसत नाही, कारण सगळं एका बेरजेत घातलेलं आहे. तुम्ही स्वतः दोन बेरजा करा: एक पगार-रजेची, एक फक्त ग्रॅच्युइटीची. मग कपात कुणाच्या ताटातून गेली ते दिसतं.

कारण ग्रॅच्युइटीचं ताट वेगळं आहे. ती रोखायची किंवा जप्त करायची तर कायद्याने मोजकी कारणं दिली आहेत, आणि त्या सगळ्यांची पहिली अट अशी की माणसाला त्या कारणावरून कामावरून काढलेलं असलं पाहिजे. त्याने कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर नुकसानीपुरती ग्रॅच्युइटी कापता येते. दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य नोकरीच्या ओघात केलं असेल तर पूर्ण किंवा काही भाग.

याचं एक उदाहरण आपल्याच भागातल्या कंपनीचं आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स, मुख्यालय नागपूरला, खाणी आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी पट्ट्यात. तिथल्या एका कर्मचाऱ्याने जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवली होती. तो बडतर्फ झाला आणि ग्रॅच्युइटी जप्त झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की अशा जप्तीसाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच पाहिजे असं नाही, खात्याच्या चौकशीत कृत्य सिद्ध होणं पुरेसं आहे. त्याची पूर्ण ग्रॅच्युइटी गेली, कारण नोकरीच खोट्यावर उभी होती. त्याच निकालात एसटी महामंडळाच्या कंडक्टरांचीही प्रकरणं होती, तिकिटाच्या पैशात किरकोळ अफरातफर. तिथे कोर्टाने फक्त २५ टक्के जप्ती ठेवली, बाकी द्यायला लावली.

हा निकाल कामगाराच्या विरोधातला म्हणून सांगितला गेला, आणि एका अर्थाने तो तसा आहेच. पण त्यात भावाच्या कामाची गोष्ट लपलेली आहे. एवढ्या गंभीर प्रकरणातही चौकशी झाली, बडतर्फीचा आदेश निघाला, आणि किती टक्के हा प्रश्न विचारला गेला. इथे काय होतं? माणसाने राजीनामा दिलाय. चौकशी नाही, बडतर्फी नाही, जप्तीचा आदेश नाही. फक्त एक्सेलमधली वजाबाकी. बाँडचे पैसे खरंच येणं असते तरी कंपनीने ते वेगळ्या मार्गाने मागायचे होते. एक अपवाद सांगून ठेवतो: कंपनीचं क्वार्टर न सोडता राहिलात आणि दंडाचं भाडं चढलं, तर ते ग्रॅच्युइटीतून वळतं करायला कोर्टांनी परवानगी दिल्याचे निकाल आहेत. ओएनजीसीचा २००५ चा निकाल त्यातलाच. कॉलनीत राहणाऱ्यांनी चावी दिल्याची पावती जपून ठेवा.

सेफ्टी किटचे १,५००? हेल्मेट आणि बूट त्याने परत केलेच नव्हते. ते मान्य.

आता नवा हिशेब. पगार ३४,०७२, रजा १०,५६०, ग्रॅच्युइटी ७२,६९२. बेरीज १,१७,३२४. वजा नोटीसचे ७,२०० आणि किटचे १,५००. निव्वळ १,०८,६२४ रुपये. कागदावर होते १४,९७८.

आम्ही काय केलं? त्याने एक मेल लिहिला. राग नाही, ‘कोर्टात खेचीन’ नाही. चार मुद्दे, प्रत्येकासोबत एक कागद: लेटरमधलं नोटीसचं वाक्य, बाँडची मुदत, नोकरीच्या तारखा, पगाराची शेवटची स्लिप. आणि एक वाक्य मुद्दाम: “मी या स्टेटमेंटशी सहमत नाही, येणारी रक्कम हरकत राखून स्वीकारत आहे.” कारण पीडीएफच्या खाली सहसा ‘माझं काहीही येणं बाकी नाही’ असं छापलेलं असतं, आणि पैशांच्या घाईत पोरं त्यावर सही करून मोकळी होतात.

बाँडचे ६०,००० दुसऱ्याच दिवशी निघाले, एका ओळीच्या उत्तरासह. नोटीसवर आठवडाभर गेला, मग ७,२०० मान्य झाले. वर्षंही ७ झाली. वेतनाच्या व्याख्येवर मात्र कंपनी अडून बसली आहे. त्यांनी १४,४०० वरच सात वर्षांची ५८,१५४ रुपये ग्रॅच्युइटी दिली. खात्यात एकूण ९४,०८६ आले. उरलेल्या १४,५३८ साठी त्याने कंपनीकडे लेखी अर्ज केला आहे.

वेळेचं सांगतो. राजीनाम्यानंतर पगाराचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यावेत असं नवी वेतन संहिता म्हणते. ग्रॅच्युइटीसाठी मुदत ३० दिवस, त्यानंतर व्याज लागतं. ‘एफ अँड एफला ४५ दिवस लागतात’ हा कंपनीचा रिवाज झाला, कायदा नव्हे. कंपनीने ग्रॅच्युइटी नाकारली किंवा कमी दिली तर दाद सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागायची असते. खासगी कारखाना किंवा ऑफिस असेल तर चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन अर्ज कुठे द्यायचा ते विचारा. कोळसा खाणीतले असाल तर तुमचा विषय केंद्र सरकारच्या कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो, तिथे राज्याच्या ऑफिसात चकरा मारू नका. जाताना अपॉइंटमेंट लेटर, शेवटची पगार स्लिप, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा मेल, रिलीव्हिंग लेटर आणि ती पीडीएफ, एवढं प्रिंट करून न्या. फोनवर दाखवलेली पीडीएफ तिथे कुणी फाइलला लावून घेत नाही.